सगळ्याच वाक्यांना 'इझन्ट इट' का चालत नाही?

रेवती_क

मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. दहावीला 'अ‍ॅड अ क्वेश्चन टॅग' हा प्रश्न असतो आणि मुलं तो सहज सोडवतात. 'शी वर्क्स इन अ बँक' असं दिलं की कागदावर बरोबर 'डझन्ट शी?' येतं. पण तीच मुलगी वर्गात बोलायला उभी राहिली की म्हणते, 'मॅडम, यू टोल्ड अस यस्टर्डे, इझन्ट इट?' दुसरा मुलगा म्हणतो, 'वुई हॅव पीटी टुडे, इझन्ट इट?' वाक्य कुठलंही असो, शेपूट एकच. स्टाफरूममध्येही हेच ऐकू येतं.

नुसतं 'चूक आहे' म्हणून मुलांना थांबवणं मला पटत नाही. नियम येत असूनही बोलताना हे का होतं, आणि ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याच्या कानाला हे नेमकं कसं लागतं, हे मला मुलांना सांगता यायला हवं. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

थेम्सकाठचा

रेवतीताई, इतकं मनावर घेऊ नका. मी बरीच वर्षं लंडनमध्ये आहे. इथली बसमधली पोरं सगळ्याला 'इनिट' लावतात. 'ही टुक माय फोन, इनिट.' 'वुई वेन्ट देअर, इनिट.' माणूस कोण, काळ कुठला, काही बघत नाहीत. वेल्सकडच्या लोकांच्या बोलण्यातही 'इझन्ट इट' असंच कुठल्याही वाक्यामागे येतं. इंग्रजांनाच चालत असेल तर आपल्या मुलांनी का घाबरायचं? टॅगचे नियम पुस्तकात राहतील, भाषा पुढे जाईल.

जुनाखडू

रेवतीताई, पदवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. हा प्रश्न दरवर्षी समोर यायचा.

आधी मराठीकडे बघा. आपल्या 'ना'ला वाक्यात काय चाललंय याच्याशी देणंघेणं नसतं. 'तू आलास ना?' 'ती येणार नाही ना?' 'पाऊस पडतोय ना?' 'काल त्यांनी पैसे दिले ना?' कर्ता बदलला, काळ बदलला, होकाराचा नकार झाला, तरी 'ना' तसाच. त्याचं काम एकच, ऐकणाऱ्याचा होकार मागणं. कोल्हापूरकडे 'येतोस न्हवं?' म्हणतात, हिंदीत 'है ना' म्हणतात, तिथेही हीच गोष्ट.

इंग्रजी शेपटाचं तसं नाही. ते वाक्याच्या डोक्याकडे परत जातं, तिथला कर्ता आणि सहायक क्रियापद उचलतं, होकाराचा नकार किंवा नकाराचा होकार करतं आणि शेवटी आणून ठेवतं. 'शी कॅन स्विम, कान्ट शी?' 'दे वरन्ट लेट, वर दे?' म्हणजे शेपटात आधीच्या वाक्याचीच सावली असते. मग 'यू टोल्ड अस यस्टर्डे, इझन्ट इट?' ऐकल्यावर इंग्रजी कान 'इट' म्हणजे कोण ते शोधायला मागे जातो, आणि मागे 'इट' नसतंच. अर्थ कळतो, कारण माणूस समोर असतो, पण क्षणभर अडखळायला होतं.

आता तुमच्या मुलांना नियम येऊनही बोलताना का जमत नाही ते सांगतो. पेपरात वाक्य डोळ्यांसमोर छापलेलं असतं, बोलताना ते हवेत विरलेलं असतं. बोलणाऱ्याचं मन अर्थात असतं. वाक्य संपतं, होकार हवासा वाटतो, आणि मराठीत त्या क्षणी 'ना' ओठावर तयार असतो. इंग्रजीत त्याच क्षणी मागे जाऊन कर्ता, काळ, होकार की नकार हे सगळं आणावं लागतं. त्यातही सगळ्यात अवघड वाक्यं 'डू'ची. 'यू लिव्ह इन मिरज' या वाक्यात 'डू' कुठेच ऐकू येत नाही, तरी शेपटात 'डोन्ट यू' हवं. जे तोंडातून बाहेरच पडलं नाही ते शोधून काढायचं. तिथे जीभ जवळचा तयार तुकडा उचलते, तो 'इझन्ट इट'. 'इट्स हॉट टुडे, इझन्ट इट?' हे वाक्य बरोबर असल्यामुळे तो तुकडा मुलांनी हजारदा ऐकलेला असतो.

थेम्सकाठचा, तुमचं 'इनिट'चं निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष मात्र अर्धा आहे. लंडनचं 'इनिट' ही एका वयाची आणि एका वस्तीची खूण आहे. ते तोंडातल्या तोंडात, पटकन, एका अक्षरासारखं येतं आणि सोबत त्या बोलीचं बाकी सगळं येतं. आपली मुलगी स्वच्छ पाठ्यपुस्तकी इंग्रजीत बोलून शेवटी 'इझन्ट इट' प्रत्येक अक्षर सुटं करून म्हणते. ऐकणाऱ्याला ते लंडनच्या पोराचं 'इनिट' वाटत नाही. आणि तो लंडनचा पोरगाही नोकरीच्या मुलाखतीत 'इनिट' आवरतो.

सुलभा_आजी

अगदी बरोबर विषय काढलात. माझी नातवंडं 'मी ना, काल ना, शाळेत ना' असं बोलतात. एका वाक्यात चार वेळा 'ना'. टीव्हीवरच्या मुलीही तशाच. आमच्या वेळी कोणी असं बोललं तर आई टोकायची.

जुनाखडू

सुलभाताई, तो 'ना' वेगळा. 'मी ना, काल ना' यातला 'ना' होकार मागत नाही, तो ऐकणाऱ्याचं लक्ष धरून ठेवतो. 'चल ना', 'बस ना' यातला तिसराच, तो विनवणी करतो. रेवतीताई विचारताहेत ते वाक्य संपल्यावर येणाऱ्या, होकार मागणाऱ्या 'ना'बद्दल. पण तुमच्या निरीक्षणाचा एक उपयोग आहे. आपल्या 'ना'कडे इतकी कामं आहेत की इंग्रजीत त्याच्या जागी एकच तुकडा बसवायला गेलं की तो कुठे ना कुठे चुकीचा पडणारच.

म्हापशेकार

आमच्याकडे गोव्यात 'इझन्ट इट' कमी आणि 'नो' जास्त. 'यू आर कमिंग, नो?' 'शी टोल्ड यू, नो?' कोंकणीत आम्ही 'न्हय?' म्हणतो, ते सरळ इंग्रजीत उतरलंय असं मला वाटतं. मुंबईत वांद्र्याकडचे लोकही असंच बोलतात. हे पण तितकंच खटकतं का?

थेम्सकाठचा

'नो' तेवढं खटकत नाही, हे मी इथल्या अनुभवावरून सांगतो. माझे सहकारी 'राइट?' लावतात, कॅनडाचा एक जण 'ए?' लावतो. त्यांच्याकडे कोणी वळून बघत नाही.

जुनाखडू

कारण 'राइट' किंवा 'नो' कुणाकडे बोट दाखवत नाहीत. 'इझन्ट इट'मध्ये 'इट' आहे आणि 'इज' आहे, ते दोन्ही वाक्यात कशाकडे तरी बोट दाखवतात, आणि तिथे काहीच नसतं. अडचण शेपूट एकच असण्यात फारशी नाही, त्या शेपटात शिल्लक असलेल्या अर्थात आहे. अमेरिकेत तर बोलताना पूर्ण टॅग ब्रिटनपेक्षा बरेच कमी वापरतात, 'राइट?'वर भागतं.

पेठेतली_पोर

जर्मनचं सांगते. मॅक्समुल्लर भवनात शिकायला लागले तेव्हा 'निष्ट वार?' शिकले आणि फार आनंद झाला, कारण ते आपल्या 'ना'सारखं कुठेही लागतं. मग जर्मन माणसांशी बोलायला लागले तर ते 'ओडर?' म्हणतात, उत्तरेकडचे 'ने?' म्हणतात, दक्षिणेत 'गेल?' ऐकू येतं. माझं प्रत्येक वाक्यामागचं 'निष्ट वार' त्यांना पुस्तकातून वाचून दाखवल्यासारखं वाटायचं. व्याकरणाने एकही चूक नव्हती. म्हणजे जिथे शेपूट बदलावं लागत नाही त्या भाषेतही एकच धरून बसलं की कानाला लागतं.

हिंजवडी_नाइटशिफ्ट

मला या चर्चेत खटकण्यापेक्षा मोठा मुद्दा दिसतो. आमच्या टीमच्या एका कॉलवर घडलेलं सांगतो. समोर ब्रिटनमधला क्लायंट. आमच्याकडून विचारलं गेलं, 'यू डिडन्ट रिसीव्ह द सेकंड इन्व्हॉइस, इझन्ट इट?' तो म्हणाला, 'नो.' आमच्या बाजूने समजूत झाली की 'नाही, तसं नाही, मिळालंय.' त्याला म्हणायचं होतं, 'नाही मिळालं.' दुसरं बिल पुन्हा पाठवलंच नाही. महिनाअखेरीस पैसे का आले नाहीत म्हणून चौकशी सुरू झाली तेव्हा उलगडा झाला.

यात दोष 'इझन्ट इट'चा की आमच्या ऐकण्याचा?

जुनाखडू

दोन्हींचा, पण जास्त ऐकण्याचा. तुमचं उदाहरण सुटं करून बघू.

इंग्रजीत नकारी वाक्यावर 'नो' म्हटलं की नकार पक्का होतो. 'नो, आय डिडन्ट.' समोरचा प्रश्न कसा विचारला यापेक्षा वस्तुस्थिती काय आहे त्यावर 'येस' किंवा 'नो' ठरतं. बिल मिळालं नसेल तर 'नो'. आपल्याकडे 'दुसरं बिल मिळालं नाही ना?' असं विचारलं तर 'हो, नाही मिळालं' असंही उत्तर येतं. तो 'हो' विचारणाऱ्याच्या अंदाजाला दिलेला असतो. म्हणून तुमच्या टीमला इंग्रजी 'नो' हा आपल्या अंदाजाला दिलेला नकार वाटला.

टॅग बरोबर असता, 'यू डिडन्ट रिसीव्ह इट, डिड यू?' असा, तर त्या माणसाच्या तोंडून 'नो, आय डिडन्ट' असं पूर्ण उत्तर येण्याची शक्यता जास्त होती, कारण 'डिड यू'ने त्याच्या हातात 'डिडन्ट' आयता दिला असता. 'इझन्ट इट'ला 'नो, इट इझन्ट' म्हणावं तर अर्थ लागत नाही, म्हणून तो नुसत्या 'नो'वर थांबला असावा. त्याच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण महत्त्वाच्या गोष्टीला नकारी वाक्यावर टॅग लावूच नये. सरळ विचारावं, 'डिड यू रिसीव्ह द सेकंड इन्व्हॉइस?'

वकील_लातूर

उलटतपासणीत आम्ही रोज हेच करतो म्हणून लिहितो. तिथे साक्षीदाराला पर्याय उरू नये म्हणून प्रश्न मुद्दाम असे विचारतात की अर्धं उत्तर प्रश्नातच असावं. इंग्रजीतल्या उलटतपासणीत 'यू वर देअर, वरन्ट यू?' हे त्याचंच हत्यार. आणि नुसत्या 'हो-नाही'चा घोळ होतो हे न्यायालयांना ठाऊक आहे. म्हणून साक्षीदाराचं उत्तर बहुतेक वेळा पूर्ण वाक्यात लिहिलं जातं: 'हे म्हणणे खरे नाही की, मी त्या दिवशी तिथे गेलो नव्हतो.' वाचायला जड आहे, पण 'हो' कशाला आणि 'नाही' कशाला हा वाद राहत नाही.

रेवतीताई, एक सांगावंसं वाटतं. बरोबर टॅगसुद्धा लागोपाठ लावले की उलटतपासणी चालल्यासारखं वाटतं. समोरच्याला कोपऱ्यात ढकलल्याची भावना येते. मुलांना तेही सांगा.

जुनाखडू

वकीलसाहेबांचा मुद्दा फार मोलाचा आहे, आणि त्यात आवाजाची भर घालायला हवी. इंग्रजीत शेपटावर आवाज खाली उतरला तर अर्थ होतो, 'मला माहीत आहे, तू फक्त मान डोलव.' आवाज वर गेला तर तो खरा प्रश्न, 'मला खात्री नाही, सांग.' शब्द तेच, 'यू आर फ्रॉम मिरज, आरन्ट यू?' आवाज उतरवलात तर ओळख दाखवलीत, चढवलात तर विचारलंत.

एकच शेपूट सतत वापरणाऱ्याचा आवाजही बहुधा एकाच चालीत अडकतो, आणि आपल्याकडे ती चाल बऱ्याचदा चढती असते. मग पाच मिनिटांच्या बोलण्यात प्रत्येक विधान शंकेसारखं ऐकू येतं. एक-दोन वेळा ऐकणारा दुर्लक्ष करतो. पुढे त्याचं लक्ष मजकुरावरून उडून शेपटावर जातं. तुम्ही विचारलंत ना की कानाला कसं लागतं, ते असं.

अमृता_हैदराबाद

मी इथे भाषाविज्ञान शिकते आहे. सरांचं विश्लेषण मान्य, पण 'चुकीचं' या शब्दावर माझा आक्षेप आहे. भारतीय इंग्रजीत 'इझन्ट इट' इतक्या पिढ्या, इतक्या भाषांचे लोक, इतक्या सातत्याने वापरताहेत की ती शिकाऊ माणसाची चूक उरलेली नाही. भाषाशास्त्रज्ञ राकेश भट्ट यांनी यावर लिहिलंय. त्यांचं म्हणणं असं की भारतीय इंग्रजीत हे न बदलणारं शेपूट सौजन्याचं काम करतं. 'यू सेड यू विल डू द जॉब, डिडन्ट यू?' यात समोरच्याला धरून जाब विचारल्यासारखं होतं. त्याच जागी 'इझन्ट इट?' म्हटलं की बोट माणसावरून हटतं आणि बोलणं मऊ होतं. आपल्या 'म्हणाला होतात ना'मध्ये जो मऊपणा आहे तो तिथे येतो.

रेवतीताईंच्या त्या विद्यार्थिनीचं वाक्य परत बघा. 'मॅडम, यू टोल्ड अस यस्टर्डे, डिडन्ट यू?' एका दहावीच्या मुलीने बाईंना असं म्हणणं सांगलीच्या वर्गात कसं वाटेल?

रेवती_क

अमृता, तू लिहिलंस ते वाचून मी थबकले. खरं आहे, 'डिडन्ट यू?' मला उद्धट वाटलं असतं. आवाज चढवून म्हटली असती तरी थोडं लागलंच असतं.

जुनाखडू

अमृता, भट्टांचा मुद्दा मला माहीत आहे आणि त्यात तथ्य आहे. पण तो मऊपणा फक्त आपल्याआपल्यातच पोचतो. नाशिकचा माणूस चेन्नईच्या माणसाशी बोलताना तो दोघांनाही जाणवतो. हिंजवडीच्या कॉलवर तो पलीकडे पोचला नाही. तिथे मऊपणा हवा असेल तर इंग्रजीचे आपले मार्ग आहेत. ती मुलगी 'मॅडम, आय थिंक यू टोल्ड अस यस्टर्डे' एवढंच म्हणू शकते. शेपूटच नको.

अमृता_हैदराबाद

सर, यात एक गृहीत आहे की पलीकडच्यापर्यंत पोचण्याची जबाबदारी नेहमी आपलीच. तिथे मी तुमच्याशी सहमत होऊ शकत नाही. पण दहावीच्या मुलांना दोन्ही गोष्टी माहीत असाव्यात, हे मान्य.

थेम्सकाठचा

माझ्या पहिल्या प्रतिसादात 'चालतं' असं मी सरसकट लिहिलं होतं. इनवॉइसचं उदाहरण वाचून वाटतं की कुठे चालतं हे बघायला हवं. मला जाणवलेली अजून एक गोष्ट: आपली माणसं दुसऱ्याच्या बोलण्यावर 'हो का?' या अर्थी 'इज इट?' म्हणतात. 'आय वेन्ट टू मँचेस्टर.' 'इज इट?' दक्षिण आफ्रिकेची एक सहकारीही असंच म्हणते. इथले लोक तिथे 'डिड यू?' म्हणतात. हे त्याच खोडाचं आहे का?

जुनाखडू

अगदी त्याच खोडाचं. आणि रेवतीताई, मला वाटतं तुमच्या वर्गासाठी वाट इथूनच निघते. टॅग शिकवायला टॅगपासून सुरुवात करू नका, या 'हो का?'पासून करा.

मुलांच्या जोड्या करा. एकाने स्वतःबद्दल एक साधं वाक्य बोलायचं, दुसऱ्याने फक्त दोन शब्दांत 'हो का?' म्हणायचं. 'आय वेन्ट टू तासगाव.' 'डिड यू?' 'माय सिस्टर इज इन पुणे.' 'इज शी?' 'वुई हॅव फिनिश्ड द लेसन.' 'हॅव यू?' इथे मुलाला स्वतःचं वाक्य रचायचं ओझं नसतं. त्याचं सगळं लक्ष दुसऱ्याच्या वाक्यातलं क्रियापद पकडण्यावर राहतं. होकाराचा नकारही करावा लागत नाही. कान तयार झाला की मग स्वतःच्या वाक्याला शेपूट लावायला सांगा. 'डू'ची वाक्यं मुद्दाम जास्त ठेवा, बाकीची आपोआप येतात.

रेवती_क

सर, कालच दोन तुकड्यांवर करून पाहिलं. मुलांना खेळासारखं वाटलं. 'इज शी', 'कॅन यू' लगेच आलं. 'डू'च्या वाक्यांवर तुम्ही म्हणालात तसंच अडलं, पण तासाच्या शेवटी बरीच मुलं 'डिड यू' आपणहून म्हणायला लागली. मात्र एका मुलाने मला पेचात टाकलं. जोडीदार म्हणाला, 'आय हॅड टी अ‍ॅट सेव्हन.' हा म्हणाला, 'हॅड यू?' मी 'डिड यू?' म्हणायला सांगितलं, तर त्याने विचारलं, 'मॅडम, मग आय हॅड फिनिश्डला काय?'

जुनाखडू

हुशार मुलगा आहे. 'हॅड फिनिश्ड'मध्ये 'हॅड' सहायक आहे, खरं काम 'फिनिश्ड'चं, म्हणून 'हॅड यू?' 'हॅड टी'मध्ये चहा पिण्याचं कामच 'हॅड' करतंय, सहायक नाही, म्हणून 'डू' आणावा लागतो आणि 'डिड यू?' होतं. 'हॅव'च्या पुढे दुसऱ्या क्रियापदाचं तिसरं रूप येतंय का ते बघायला सांगा.

वकील_लातूर

आणि 'शी हॅज अ कार'? आमच्या काळी शाळेत 'हॅझन्ट शी?' शिकवलं होतं.

जुनाखडू

मालकीच्या 'हॅव'ला जुन्या ब्रिटिश वळणात 'हॅझन्ट शी' होतंच, आता बोलण्यात 'डझन्ट शी' जास्त ऐकू येतं. 'शी हॅज गॉट अ कार' असेल तर मात्र 'हॅझन्ट शी'च.

रेवती_क

पेपर तपासताना 'शी हॅज अ कार'ला मी दोन्ही उत्तरं धरते. आमच्याच शाळेतले दुसरे सर 'डझन्ट'ला गुण देत नाहीत. बाकीच्या जिल्ह्यांतले शिक्षक काय करतात, इथे कोणी असतील तर लिहा.